ब्युरेट भरताना खाली कोणी वाकायचे नाही: अनुमापनापूर्वीच्या एका चिठ्ठीचा प्रकरण अभ्यास

प्रात्यक्षिक आणि जोडी

वडोदऱ्यातील एका महाविद्यालयात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचे आम्ल-अल्कली अनुमापनाचे प्रात्यक्षिक नवरात्राच्या आठवड्यात, तेही सकाळच्या तुकडीला आले. एका टेबलावर दोन विद्यार्थिनींची जोडी होती. दोघीही दांडिया बाजाराच्या बाजूच्या मराठी घरांतल्या असल्यामुळे त्यांचे आपसातले लिहिणे-बोलणे मराठीतच चाले. त्यांपैकी एकीने आदल्या दिवशी जोडीदारणीसाठी चिठ्ठी लिहिली. तीत खबरदाऱ्या होत्या आणि कामांची वाटणी होती. ती देण्यापूर्वी तिने मला, म्हणजे त्या तुकडीच्या प्रयोगदर्शकाला, दाखवली. बोलणे झाल्यावर तिने ती नव्याने लिहून काढली. दोन्ही मसुदे माझ्यासमोर असल्यामुळे त्यांत काय बदलले आणि का बदलले, हे येथे मांडतो.

प्रयोग साधा आहे. ऑक्झॅलिक आम्लाचे नेमके वजन घेऊन त्याचे २५० मिलिलिटर प्रमाण द्रावण करायचे, त्यातले १० मिलिलिटर पिपेटने कॉनिकल फ्लास्कमध्ये घ्यायचे, फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब घालायचे आणि ब्युरेटमधून, म्हणजे खाली तोटी असलेल्या उभ्या मापनळीतून, सोडियम हायड्रॉक्साइड सोडत जाऊन फिकट गुलाबी रंग टिकू लागला की थांबायचे. सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेत असल्याने त्यांच्या वजनावर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून अंदाजे ०.१ मोलर द्रावण परिचर आधी करून ठेवतो आणि त्याची नेमकी तीव्रता विद्यार्थ्यांनी ऑक्झॅलिक आम्लाच्या आधारे काढायची असते.

पहिला मसुदा कुठे कमी पडला

पहिल्या मसुद्यात डावीकडे खबरदाऱ्या आणि उजवीकडे कामे असे दोन रकाने होते. खबरदाऱ्यांच्या रकान्यात ॲप्रन घालावा, रसायने चाखू नयेत, ब्युरेट भरताना काळजी घ्यावी, काच फुटू देऊ नये, अशी कोणत्याही प्रयोगवहीच्या पहिल्या पानावर आढळणारी वाक्ये होती. त्यांतले एकही चूक नव्हते. पण "काळजी घ्यावी" म्हणजे कोणी, कोणत्या क्षणी आणि नेमके काय करावे, हे कुठेच नव्हते, आणि कामांचा रकाना तर या रकान्याकडे पाहतही नव्हता.

त्याचा परिणाम उजवीकडच्या एका ओळीत स्पष्ट दिसत होता: "मी ब्युरेटमध्ये द्रावण ओतीन, तेव्हा तू टोकाशी हवेचा बुडबुडा राहिला आहे का ते बघ." वाटणी म्हणून हे वाक्य अगदी नीटनेटके आहे, आणि बहुतेक जोड्या करतातही असेच. पण ५० मिलिलिटरची ब्युरेट टेबलावरच्या स्टँडला लावली की तिचे वरचे तोंड मध्यम उंचीच्या मुलीच्या डोक्याच्याही वर जाते. म्हणजे एक जण हात उंचावून, नीट न दिसणाऱ्या फनेलमध्ये अल्कली ओतत असते आणि त्याच वेळी दुसरी त्याच फनेलच्या सरळ खाली मान वाकवून, चेहरा वर करून टोकाकडे पाहत असते. फनेल भरून वाहिले तर ते कुठे जाईल, हे सांगायला नको.

०.१ मोलर हे काही फार तीव्र द्रावण नव्हे. हातावर पडले आणि लगेच धुतले तर सहसा काही होत नाही. डोळ्याची गोष्ट वेगळी आहे. अल्कली डोळ्याच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांना आणि स्निग्धांशाला विरघळवत आत शिरते, तर आम्लाने प्रथिने साकळतात आणि त्या थरामुळे त्याचे पुढे जाणे काहीसे अडते. त्यामुळे सारख्या तीव्रतेच्या आम्लापेक्षा अल्कली डोळ्याला अधिक घातक ठरते. या प्रयोगात "आम्लापासून जपा" असे सगळे सांगतात, आणि ब्युरेटमध्ये, डोळ्यांच्या पातळीवर, असते अल्कली.

दुसरी त्रुटी अशी की तोटी एकीने धरायची आणि फ्लास्क दुसरीने हलवायचा, असे ठरले होते. दोन माणसांचे हात एकाच वीतभर जागेत आले की फ्लास्कचे तोंड ब्युरेटच्या टोकावर आपटते, आणि रंग पाहून तोटी बंद करायला सांगणे व प्रत्यक्ष बंद होणे यांत दोन-तीन थेंब निसटतात. तोटी आणि फ्लास्क एकाच व्यक्तीच्या दोन हातांत असले पाहिजेत.

चिठ्ठी, दुसऱ्यांदा लिहिलेली

बदललेली चिठ्ठी, तिच्या परवानगीने, जवळजवळ जशीच्या तशी देतो.

"उद्या प्रयोगशाळेत शिरण्यापूर्वी हे एकदा पूर्ण वाच, आणि काही पटले नाही तर टेबलापाशी जाण्याआधीच सांग, द्रावणे हातात आल्यावर आपण वाटणी बदलायची नाही.

तू आज रात्री गरब्याला जाणार आहेस आणि अनवाणी खेळून पायाला फोड आले की सकाळी चप्पल घालून येशील, हे मला ठाऊक आहे. कृपा करून कापूस लावून का होईना, पण बंद बूट घालून ये. दांडियाने बोट सोलवटले असेल तर त्यावर पट्टी लाव, कारण उघड्या जखमेला ऑक्झॅलिक आम्लही झोंबेल आणि अल्कलीही. उद्या लेन्स न लावता चष्मा लाव आणि त्यावरून गॉगल घाल. प्रयोगशाळेतले गॉगल सगळ्यांना पुरत नाहीत, म्हणून एक मी घरून आणते आहे. ओढणी ॲप्रनच्या आत घे आणि केस बांध.

ऑक्झॅलिक आम्लाचे वजन आणि द्रावण मी करीन. वजन सुमारे १.५८ ग्रॅम येईल; जेवढे येईल तेवढे तू वहीत लिही, मी ते १.५७६ करण्याच्या नादाला लागणार नाही. हे आम्ल पोटात गेले तर विषारी आहे, त्यामुळे तराजूभोवती सांडलेले कण मी ओल्या कागदाने पुसून घेईन आणि हात धुऊन मगच पुढच्या कामाला लागेन.

पिपेटही मीच वापरीन. तोंडाने ओढणार नाही, शेजारच्या टेबलावर कोणी ओढत असले तरी नाही. रबरी फुगा बसवताना पिपेट वरच्या टोकाजवळ धरून हळूच फिरवत बसवीन, कारण मधोमध धरून जोर दिला की ती मोडून तळहातात घुसते. मी फुगा बसवत असताना माझ्याशी बोलू नकोस.

ब्युरेट मी भरीन, पण टेबलावर नाही. स्टँडसकट ती सिंकजवळ जमिनीवर ठेवू, म्हणजे तिचे तोंड आपल्या कमरेच्या थोडे वर येईल आणि ओतताना मला वरून दिसेल. मी ओतत असेन तेव्हा तू वाकायचे नाहीस. तू येण्याजाण्याच्या वाटेच्या बाजूला, माझ्याकडे पाठ करून उभी राहा आणि कोणाचा धक्का लागणार नाही एवढे पाहा. तेव्हा तुझे तेवढेच काम. ओतून झाले, फनेल काढले, स्टँड पुन्हा टेबलावर आला, की मग बुडबुडा बघ.

अनुमापन तू करायचे. तू डावखुरी आहेस, म्हणून उजव्या हाताने तोटी आणि डाव्या हाताने फ्लास्क. तुझ्यासाठी तोटीची मूठ डावीकडे येईल अशी ब्युरेट फिरवून लावीन. बोटे ब्युरेटला मागून वेढा घालून मुठीपर्यंत आण आणि तोटी किंचित आतल्या बाजूला दाबून फिरव. नुसती मूठ धरून बाहेर ओढलीस तर काचेची तोटी खाचेतून निघून येईल आणि सगळे द्रावण टेबलावर येईल. सर्व वाचने होईपर्यंत हे काम तुझ्याकडेच राहील.

वाचन आपण दोघींनी वेगवेगळे घ्यायचे आणि आपापल्या कागदावर लिहून झाल्यावरच एकमेकींना दाखवायचे.

फिनॉल्फ्थॅलीन अल्कोहोलमध्ये असते आणि पलीकडच्या रांगेत दुसऱ्या तुकडीचे बर्नर पेटलेले असतील, म्हणून ती बाटली मी आपल्या टेबलाच्या आतल्या कडेला ठेवीन आणि वापरून झाली की लगेच झाकीन.

डोळ्यात काही उडाले तर जिच्या डोळ्यात उडाले तिने काहीच ठरवायचे नाही. दुसरीने तिला हाताला धरून नळाशी न्यायचे, पापण्या उघड्या धरून पाण्याची सौम्य धार सोडायची आणि तिथूनच सरांना हाक मारायची. निदान पंधरा-वीस मिनिटे धुवायचे, मग डॉक्टरांकडे. अल्कली मारायला आम्ल किंवा आम्ल मारायला सोडा, असले काही डोळ्यात किंवा अंगावर घालायचे नाही."

बदल का टिकले

या चिठ्ठीतली माझी आवडती ओळ "तेव्हा तुझे तेवढेच काम" ही आहे. ब्युरेट भरली जात असताना दुसऱ्या व्यक्तीने काय करायचे, याला प्रयोगवहीत उत्तर नसते, आणि रिकामी बसलेली व्यक्ती मदतीच्या भावनेने नको तिथे डोके घालते. तिला वाट राखण्याचे काम दिल्याने ती फनेलपासून दूरही झाली आणि जमिनीवर ठेवलेल्या स्टँडला कोणाची लाथ लागण्याचा जो नवा धोका निर्माण झाला होता, त्याचीही सोय झाली. एक खबरदारी घेतली की तिच्या पोटातून दुसरी अडचण निघते. ती कोणाच्या वाट्याला द्यायची हेही त्याच वेळी ठरवावे लागते.

पिपेटच्या बाबतीत मी एका गोष्टीवर अडून बसलो होतो. तोंडाने पिपेट ओढण्याची सवय अजूनही बऱ्याच प्रयोगशाळांतून गेलेली नाही, आणि ती करणाऱ्यांचे म्हणणे असते की द्रावण इतके सौम्य आहे, एखादा थेंब जिभेला लागला तर काय बिघडते. थेंबापुरते ते खरेही असेल. पण पिपेटचे टोक द्रावणाच्या वर आले की ओढणारा एकदम हवा ओढतो आणि आतले सगळे द्रावण तोंडात येते, आणि हे बाटलीतले द्रावण संपत आलेले असतानाच घडते. म्हणून फुगा, आणि शिवाय पिपेट बुडवायला बीकरमध्ये पुरेसे द्रावण, या दोन गोष्टी एकत्रच सांगाव्या लागतात. दुसरी चिठ्ठीत राहून गेली होती. ती मी तोंडी सांगितली.

प्रत्यक्ष सकाळी

जोडीदारीण जुन्या कॅनव्हासच्या बुटांत, थोडी लंगडत आणि बऱ्यापैकी पेंगुळलेली आली. वजन १.५८ ग्रॅम आले, म्हणजे द्रावण ०.०५०१ मोलर झाले. ब्युरेट आधी सोडियम हायड्रॉक्साइडने, पिपेट ऑक्झॅलिक आम्लाने आणि फ्लास्क केवळ डिस्टिल्ड पाण्याने विसळले गेले. फ्लास्क आम्लाने विसळला तर मोजलेल्या १० मिलिलिटरांखेरीज जास्तीचे आम्ल त्यात राहते आणि वाचन वाढते.

भरताना एक प्रसंग घडला. फनेल ब्युरेटच्या तोंडात घट्ट बसले होते, त्यामुळे आतली हवा बाहेर पडायला वाट नव्हती. द्रावण फनेलमध्येच तुंबले, आणि ओतणारीने ते किंचित उचलताच तुंबलेल्यातला काही भाग ब्युरेटच्या बाहेरून ओघळत तोटीपर्यंत गेला व काही थेंब तिच्या मनगटावर पडले. तिने बीकर खाली ठेवला आणि मनगट नळाखाली धरले. बोटांना बुळबुळीत लागत होते तोवर ती धूत राहिली. त्वचेवरच्या स्निग्धांशाशी अल्कलीचा साबण होतो म्हणून तसे लागते, आणि बुळबुळीतपणा जाणे ही द्रावण निघून गेल्याची हाताला कळणारी खूण आहे. त्या वेळी जोडीदारीण पाठ करून उभी होती. पहिल्या मसुद्याप्रमाणे ती तोटीशी वाकलेली असती तर तो ओघळ नेमका तिच्या चेहऱ्याजवळ आला असता. मग ब्युरेट बाहेरून ओल्या फडक्याने पुसून घेतली गेली आणि पुन्हा ओतताना फनेलखाली कागदाची एक बारीक घडी अडकवून फट ठेवण्यात आली.

स्टँड टेबलावर आल्यावर टोकाशी बुडबुडा निघालाच. खाली बीकर धरून तोटी क्षणभर पूर्ण उघडल्यावर तो निघून गेला. तो राहिला असता तर अनुमापन चालू असताना केव्हातरी सुटला असता, आणि त्याच्या जागी भरलेले द्रावण फ्लास्कमध्ये न पडताच वाचनात मोजले गेले असते.

पहिले वाचन अंदाजासाठी घेतले. ते ० पासून १०.५ मिलिलिटरवर थांबले आणि रंग भडक गुलाबी झाला, म्हणजे अंत्यबिंदू ओलांडला गेला होता. पुढची वाचने १०.५ पासून २०.८, तेथून ३१.१ आणि तेथून ४१.४, म्हणजे तिन्ही वेळा १०.३ मिलिलिटर आली. मात्र २०.८ च्या ठिकाणी एकीच्या कागदावर २०.७ होते. ती वरून खाली पाहत होती असे निघाले. डोळा द्रावणाच्या वक्र पृष्ठभागाच्या तळाशी समपातळीत आणून, मागे पांढरा कागद धरून पुन्हा पाहिल्यावर २०.८ ठरले. वेगवेगळे लिहिण्याची अट नसती तर दुसरीने मान डोलावून २०.७ च मान्य केले असते, विशेषतः त्या झोपेच्या अवस्थेत.

ऑक्झॅलिक आम्लाच्या एका रेणूला सोडियम हायड्रॉक्साइडचे दोन लागतात. म्हणून ०.०५०१ ला १० ने आणि २ ने गुणून १०.३ ने भागले की ०.०९७३ मोलर ही तीव्रता मिळते. गुलाबी छटा अर्धा मिनिट टिकली की अंत्यबिंदू धरायचा असे ठरले होते, आणि ते आवश्यक होते. फ्लास्क तसाच ठेवला तर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषला जाऊन रंग हळूहळू जातो, आणि ते पाहून आणखी एक थेंब टाकण्याचा मोह होतो.

जे चिठ्ठीत नव्हते

चिठ्ठीत आवराआवरीबद्दल एक शब्दही नव्हता. विद्यार्थ्यांच्या लेखी निकाल मिळाला की प्रयोग संपतो, पण काचेच्या तोटीची ब्युरेट अल्कली भरून तशीच ठेवली तर तोटी खाचेत घट्ट धरून बसते, आणि पुढच्या तुकडीतला कोणी ती जोराने फिरवायला गेला की काच मोडते. घंटा होण्याच्या बेतात दोघींतील एक वही लिहीत होती आणि दुसरी निघायच्या तयारीत होती. ब्युरेट रिकामी करून पाण्याने दोन-तीनदा धुऊन, तोटी उघडी ठेवून उलटी लावणे हे काम अखेर मी सांगितल्यावर झाले. ज्याच्या हाती तोटी होती त्यानेच ते करावे, असे माझे मत आहे, कारण तोटी जड फिरू लागली आहे का, हे त्यालाच आधी कळते.

हीच चिठ्ठी पुढच्या प्रात्यक्षिकाला तशीच वापरावी का, असे त्यांनी विचारले. त्यात ब्युरेटमध्ये सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल, फ्लास्कमध्ये सोडियम कार्बोनेट आणि निर्देशक मिथिल ऑरेंज असतो. ब्युरेट जमिनीवर ठेवून भरणे, पिपेट, वाचन आणि डोळे धुणे हे भाग तसेच राहतील. बदलेल ते फ्लास्कचे: कार्बन डायऑक्साइड फसफसून बाहेर पडतो, तेव्हा बारीक शिंतोडे उडतात, म्हणून रंग पाहण्यासाठी फ्लास्कच्या तोंडावर वाकायचे नाही, पांढऱ्या फरशीवर ठेवून बाजूने पाहायचे, आणि ही सूचना या वेळी अनुमापन करणारीच्या वाट्याची आहे. संहत आम्लापासून सौम्य द्रावण करण्याचे काम मात्र दोघींपैकी कोणाच्याही नावावर लिहायचे नाही. ते वाफा ओढणाऱ्या कपाटात, पाण्यात आम्ल ओतून, परिचर किंवा मी करतो.